जठराच्या शस्त्रक्रियेनंतर : कोरडे जेवण, वेगळे पाणी

जठर हे अन्न साठवते, घुसळते आणि खालच्या टोकाच्या स्नायूंच्या झडपेतून थोडे थोडे लहान आतड्यात सोडते. कर्करोगामुळे जठराचा भाग काढला किंवा वजन कमी करण्यासाठी बायपास केली, की साठवण कमी होते आणि झडपेचा पहाराही उरत नाही. मग न घुसळलेले अन्न एकदम आतड्यात उतरते. त्यातून होणाऱ्या त्रासाला डम्पिंग सिंड्रोम म्हणतात.

हा त्रास दोन तऱ्हेचा असतो. पहिला जेवणानंतर तासाभराच्या आतच सुरू होतो. आतड्यात उतरलेले दाट, विशेषतः गोड अन्न रक्तातले पाणी आपल्याकडे ओढते; पोट फुगते, मुरडा येतो, जुलाब होतात. रक्तातले पाणी कमी झाल्याने आणि आतड्यातून सुटलेल्या संप्रेरकांमुळे छाती धडधडते, गरगरते, आडवे व्हावेसे वाटते. दुसरा त्रास एक ते तीन तासांनी येतो. साखर झपाट्याने रक्तात शिरते, इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त स्रवते आणि रक्तशर्करा घसरते. तेव्हा हातपाय थरथरतात, कडकडून भूक लागते, काही सुचत नाही. घाम आणि धडधड मात्र दोन्हींत असते, म्हणून घड्याळात पाहिल्याशिवाय फरक कळत नाही.

जठराचा खालचा भाग काढलेले साठीतले एक गृहस्थ उदाहरणादाखल घेऊ. सकाळी 8 वाजता बशीभर पोहे, साखरेचा चहा आणि गोळ्यांबरोबर पेलाभर पाणी. 8.20 ला धडधड आणि मुरडा. घरचे अशक्तपणा समजून ग्लुकोजचे पाणी देतात आणि त्रास वाढतो. दुपारी 12.30 ला पातळ वरण-भात, ताक आणि वर गुळाचा खडा. 2.30 ला थरथर सुटते. ग्लुकोमीटरवर 52 दिसते. साखर खाल्ल्यावर बरे वाटते. सकाळी साखरेने बिघडले, दुपारी साखरेनेच सावरले. वेळा लिहिलेल्या नसतील तर घरात दोन्हींना एकच उपाय होत राहतो.

पहिला बदल पाण्याचा. जेवताना चहा, ताक, सार, पातळ आमटी बंद; घास उतरण्यापुरता घोट चालतो. द्रवामुळे अन्न आणखी वेगाने खाली वाहून जाते, म्हणून पाणी जेवणानंतर किमान अर्ध्या तासाने, घोटाघोटाने प्यायचे. इथे एक चूक सर्रास होते : पाणी वेगळे करायचे, पण लोक ते कमीच करतात. जुलाब होणाऱ्या माणसाला ते महागात पडते. मूत्रपिंड किंवा हृदयाच्या आजारामुळे बंधन नसेल, तर दिवसाकाठी साधारण दीड लिटर पोटात गेलेच पाहिजे.

दुसरा बदल वाटणीचा. तीन भरपेट जेवणांऐवजी दोन-तीन तासांनी सहा लहान खाणी, सावकाश चावून. या गृहस्थांचा दिवस मग असा होतो : 8 ला अंडे आणि अर्धी भाकरी, 8.45 ला बिनसाखरेचा चहा, 10.30 ला पनीर; 12.30 ला कोरडी मुगाची उसळ आणि छोटी पोळी, पाणी 1.15 नंतर. साखर, गूळ, मध, सरबत वगळायचे. प्रत्येक खाण्यात अंडे, मासे, डाळ, पनीर यांपैकी काही तरी हवे. लवकरचा त्रास असेल तर जेवून अर्धा तास आडवे पडल्याने अन्न हळू उतरते. आम्लपित्त वर येत असेल तर मात्र हा उपाय टाळावा.

वहीत खाण्याची वेळ, पदार्थ आणि अंदाजे प्रमाण, द्रव कधी घेतला, त्रास कोणता व किती मिनिटांनी, एवढे रकाने पुरतात. जेवणापूर्वी आणि अर्ध्या तासाने नाडीचे ठोके मोजून लिहावेत. ते मिनिटाला दहापेक्षा जास्त वाढत असतील तर लवकरच्या डम्पिंगचा संशय बळावतो. उशिराच्या त्रासात थरथर सुरू होताच ग्लुकोमीटरचा आकडा टिपावा. एका वेळी एकच बदल करून तीन-चार दिवस पाहावे, नाहीतर गुण कशाने आला ते समजत नाही. वजनही आठवड्याला लिहावे, कारण त्रासाच्या धास्तीने खाणेच कमी होते आणि ते घरच्यांच्या लक्षात उशिरा येते.

साखर खरोखरच खाली गेली असेल तर 15 ग्रॅम ग्लुकोज घ्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि सावरल्यावर प्रथिनांचे छोटे खाणे खावे. नुसत्या साखरेवर थांबले तर पुन्हा इन्सुलिन उसळून तेच चक्र सुरू होते. शुद्ध हरपणे, गोंधळल्यासारखे होणे, सतत उलट्या किंवा असह्य पोटदुखी झाली तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

बऱ्याच रुग्णांचा त्रास काही महिन्यांत आहारानेच ओसरतो. काही आठवडे नेटाने पाळूनही वहीत फरक दिसला नाही, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. उशिराच्या त्रासासाठी पिष्ठाचे पचन मंद करणारी अकार्बोज ही गोळी देतात. तिने पोटात वायू धरतो. दोन्ही प्रकारांत काही जणांना ऑक्ट्रिओटाइडची इंजेक्शने लागतात, पण ती आहार करून पाहिल्यानंतरच.