पिनची किंमत आणि रिकामं मशीन

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत लेथ आणि सीएनसीवर जॉब काढून देणाऱ्या लहान शेड कितीतरी आहेत. अशाच एका शेडला हजार पोलादी पिनांची ऑर्डर मिळाली, असं समजू. आकडे समजण्यापुरते आहेत, हिशेबाची रीत मात्र खरी.

पिनसाठी २५ मिलिमीटर व्यासाचा गोल बार लागतो. व्यासाचा वर्ग करून १६२ ने भागलं की मीटरमागे वजन निघतं, हे सूत्र शॉपफ्लोअरवर सगळ्यांना पाठ असतं. इथे ते साधारण ३.८६ किलो येतं. एका पिनला शंभर मिलिमीटर तुकडा, म्हणजे हजार पिनांना शंभर मीटर. बारची उरणारी टोकं धरून स्टोअरने ४०० किलो दिले आणि इश्यू स्लिपवर जॉब नंबर टाकला. आता या मालाला दर कोणता लावायचा? स्टोअरमध्ये ७० रुपयांनी घेतलेले ३०० किलो होते आणि नंतर ७८ रुपयांनी घेतलेले ५०० किलो आले. भारित सरासरी ७५ रुपये पडते. त्यामुळे जॉबच्या नावावर ३०,००० रुपये चढले.

तयार पिन ३०० ग्रॅमची भरते. ४०० किलोतले ३०० किलो पिनांत गेले, १०० किलो टर्निंगचं भंगार आणि टोकं उरली. ते ३० रुपये किलोने विकलं, तर ३,००० रुपये जॉबमधून वजा होतात आणि मालाचा खर्च २७,००० राहतो. भंगारवाल्याच्या पावतीवर ७० किलोच दिसले, तर ३० किलो कुठे गेले हे विचारायलाच हवं. भंगार रोखीत जातं आणि वहीत येत नाही, हा लहान कारखान्यांचा जुना आजार. तो पकडायला तराजू पुरतो.

मजुरीचं गणित पगारपत्रकावरून निघत नाही. पगार, पीएफ, बोनस, भरपगारी रजा मिळून ऑपरेटर महिन्याला २४,००० रुपयांना पडतो, पण मशीनवर त्याचे प्रत्यक्ष २०० तासच लागतात. म्हणून तासाचा दर १२० रुपये. एका पिनला तीन मिनिटं, हजार पिनांना ५० तास; मजुरी ६,००० रुपये.

खरी गंमत ओव्हरहेडमध्ये आहे. शेडचं भाडं, सुपरवायझरचा पगार, मशीनचा घसारा, विजेचा स्थिर आकार असा महिन्याचा बांधलेला खर्च १,२०,००० रुपये. दोन मशीन नेहमीच्या कामात मिळून ४०० तास चालतात, म्हणून तासाला ३०० रुपये. वीज, टूल, कूलंट यांचे आणखी ६०. पन्नास तासांचे १८,००० झाले. एकूण खर्च ५१,००० रुपये, पिनमागे ५१. महिनाअखेरीस तपासणी होऊन पास झालेल्या पिना ८०० असतील, तर ४०,८०० रुपये तयार मालाच्या खात्यात जातात. तपासणीच्या टेबलावर अडकलेल्या २०० पिनांचे १०,२०० अजून ‘काम चालू’ खात्यातच राहतात.

आता मंदीचा महिना घ्या. चारशेऐवजी दोनशेच तास काम आलं. मालक तोच १,२०,००० दोनशेने भागतो. तासाचा बांधलेला खर्च ६०० होतो आणि तीच पिन ६६ रुपयांची दिसू लागते. तो नफा चढवून त्याहून वरचा भाव सांगतो, शेजारचा साठला तयार होतो, ऑर्डर तिकडे जाते. मशीन आणखी रिकामं, दर आणखी वर. पिन करायला एक पैसाही जास्त लागलेला नसतो. महाग पडलेलं असतं ते मशीनचं रिकामं बसणं.

म्हणून भारतातलं लेखा मानक २ सांगतं की बांधलेला उत्पादन खर्च नेहमीच्या क्षमतेच्या दराने मालावर लावावा आणि उरलेला त्याच काळाच्या नफा-तोट्यात टाकावा. दोनशे तासांवर ६०,००० मालात मुरले, बाकीचे ६०,००० थेट तोट्यात. त्या महिन्यात काम न मिळालेल्या ऑपरेटरचा पगारही पिनांवर लादायचा नसतो. ‘नेहमीची क्षमता’ किती, हा मात्र वादाचा मुद्दा. ती मशीनच्या कॅटलॉगवरून ठरत नाही. देखभालीचा वेळ वजा करून, काही वर्षांचं सरासरी काम बघून ठरवावी लागते.

हे ६०,००० मालावर चढवून ठेवण्याचा मोह असतोच. त्या महिन्यात काढलेल्या चार हजार पिना गोदामात पडून असतील, तर प्रत्येकीवर जादा पंधरा रुपये चढतात. तोटा ताळेबंदात साठा बनून बसतो आणि कागदावर नफा दिसतो. कॅश क्रेडिटसाठी बँकेला जाणाऱ्या स्टॉक स्टेटमेंटमध्येही तो आकडा जातो आणि त्याच्यावर उचल मिळते. पिना विकल्या जातात त्या महिन्यात मात्र हे साठ हजार खर्चाच्या बाजूला उतरतात, आणि चांगली विक्री होऊनही नफा का घटला याचं उत्तर कुणाजवळ नसतं.