तातडीचा अर्ज : विषय आणि पहिले वाक्य

अर्ज कसा लिहावा हे तुम्ही मागील इयत्तेत शिकला आहात. दिनांक, प्रति, विषय, महोदय, मजकूर आणि आपला विश्वासू, हा क्रम तुम्हांला पाठ असेल. 'अर्ज' हा शब्दही तुम्हांला परका नाही. उर्दूतला 'अर्ज' आणि मराठीतला 'अर्ज' एकच. पण काम तातडीचे असले की हाच अर्ज अवघड होतो. घाई दाखवायला जावे, तर भाषा उद्धट होते. नम्र राहायला जावे, तर घाई दिसतच नाही. या पाठात आपण अर्जाच्या दोनच जागा पाहू : विषयाची ओळ आणि पहिले वाक्य. तातडी आणि अदब या दोन्ही गोष्टी तिथेच ठरतात.

असे का, हे समजण्यासाठी अर्ज कार्यालयात गेल्यावर त्याचे काय होते ते पाहा. आवक विभागातील लिपिक अर्जावर शिक्का मारतो, त्याला क्रमांक देतो आणि आवक नोंदवहीत तारीख, अर्जदाराचे नाव व विषय लिहितो. पूर्ण अर्ज वाचायला त्याला वेळ नसतो. नोंदवहीत उतरते ती तुमची विषयाची ओळ. पुढे अर्ज साहेबांच्या टेबलावर जातो. तिथे इतर अनेक कागद असतात. साहेब आधी विषय वाचतात, मग पहिले वाक्य वाचतात आणि हा कागद आज पाहायचा की नंतर, हे ठरवतात. म्हणून महत्त्वाची गोष्ट तिसऱ्या परिच्छेदात असेल, तर ती उशिरा वाचली जाते.

आता एक उदाहरण घेऊ. आपला मुळशी तालुका सह्याद्रीच्या कुशीत आहे. ताम्हिणीच्या बाजूला पावसाळ्यात फार मोठा पाऊस पडतो. समजा, तालुक्यातील एका गावात शाळेच्या वाटेवर विजेचा लोखंडी खांब आहे. तो जमिनीलगत गंजला आहे आणि वाटेच्या बाजूला कलला आहे. तारा खाली लोंबत आहेत. पाऊस पडू लागला की बुंध्याची माती भिजून सैल होईल आणि खांब आणखी कलेल. शाळा 15 जून रोजी सुरू होणार आहे. आज 2 जून आहे. 12 मे रोजी ग्रामस्थांनी एक अर्ज दिला होता, पण खांब अजून तसाच आहे. विद्यार्थ्यांनी मुख्याध्यापकांमार्फत महावितरणच्या शाखा कार्यालयाला दुसरा अर्ज द्यायचे ठरवले. वर्गात पहिला मसुदा असा तयार झाला :

विषय : अत्यंत तातडीचे!!! खांबाबाबत.

महोदय, अनेकदा सांगूनही आपण आमच्याकडे लक्ष देत नाही. आजच्या आज खांब बदला, नाहीतर आपल्यावर कारवाई होईल.

या मसुद्यात राग आहे, पण माहिती नाही. कोणता खांब? कुठला? त्याला काय झाले? 'अत्यंत तातडीचे' हे शब्द आणि तीन उद्गारचिन्हे यांतून यातले काहीच कळत नाही. असे शब्द तर कुणीही लिहू शकतो, म्हणून त्यांना वजन राहत नाही. शिवाय वाचणाऱ्याला पहिल्याच वाक्यात दोष दिला आहे. आता तो खांबाचा विचार करण्याऐवजी 'माझा काय दोष?' याचा विचार करील.

मग एका विद्यार्थ्याने दुसरा मसुदा लिहिला :

विषय : विनंती अर्ज.

महोदय, आपण अत्यंत कर्तव्यदक्ष अधिकारी आहात. आपला अमूल्य वेळ घेत आहोत, याबद्दल क्षमा असावी. आपणांस सवड मिळेल तेव्हा आमच्या गावातील खांबाकडे पाहावे.

यात अदब आहे, पण तातडी नाहीशी झाली आहे. 'सवड मिळेल तेव्हा' असे लिहिल्यावर तो अर्ज सवडीनेच पाहिला जाणार. 'विनंती अर्ज' या विषयातून नोंदवहीत काहीच कळत नाही, कारण तिथे येणारे बहुतेक कागद विनंतीचेच असतात. उर्दू अर्जात आपण सुरुवातीला आदराचे दोन-तीन शब्द लिहितो. मराठी अर्जात 'महोदय' आणि 'नम्र विनंती' एवढे पुरेसे असते.

आता मसुदा दुरुस्त करू. विषयाच्या ओळीने तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत : काय करायचे आहे, कुठे आणि केव्हापर्यंत?

विषय : शाळेच्या वाटेवरील कललेला विजेचा खांब 15 जूनपूर्वी बदलण्याबाबत.

पाहा, 'तातडी' हा शब्द या ओळीत नाही, तरी तातडी दिसते. ती 'कललेला' या शब्दातून आणि '15 जूनपूर्वी' या मुदतीतून येते. 'खांबाबाबत' एवढे लिहिले, तर खांबाचे काय करायचे ते कळत नाही. 'खांब बदलण्याबाबत' लिहिले की काम स्पष्ट होते.

जुन्या अर्जाचे काय करायचे? तो विसरायचा नाही आणि त्यावरून भांडायचेही नाही. विषयाखाली एक ओळ लिहायची :

संदर्भ : ग्रामस्थांचा दिनांक 12 मे रोजीचा अर्ज.

पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक हाती असेल, तर तोही इथे लिहावा. आपण तीन आठवडे वाट पाहिली, हे या एका ओळीतून समजते. 'आपण लक्ष देत नाही' असे लिहिण्याची गरज राहत नाही. यासाठीच अर्ज देताना त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का व क्रमांक घ्यावा. तिला पोच म्हणतात. पोच नसेल, तर आपण अर्ज दिला होता हे दाखवणे कठीण जाते.

आता पहिले वाक्य. त्यात आधी वस्तुस्थिती सांगावी, मग मुदतीचे कारण आणि शेवटी विनंती :

महोदय, आमच्या शाळेच्या फाटकापासून सुमारे 60 पावलांवरील विजेचा खांब जमिनीलगत गंजून वाटेकडे कलला आहे व त्याच्या तारा खाली आल्या आहेत. शाळा 15 जून रोजी सुरू होत असून मुले याच वाटेने येतात, म्हणून त्यापूर्वी खांब बदलण्यात यावा, ही नम्र विनंती.

एका वाक्याची दोन वाक्ये झाली, तरी चालेल. लांब वाक्यात अडखळण्यापेक्षा ते बरे. इथे वाक्याचा कर्ता पाहा. पहिल्या मसुद्यात कर्ता 'आपण' होता : 'आपण लक्ष देत नाही'. आता कर्ता 'खांब' आहे : 'खांब कलला आहे'. दोष कुणालाही दिलेला नाही, पण धोका स्पष्ट सांगितला आहे. खांबावर क्रमांक रंगवलेला असेल, तर दुरून वाचून तो लिहावा. तारेची उंची मोजण्यासाठी काठी घेऊन जवळ मात्र कधीही जाऊ नये.

क्रियापदाकडेही लक्ष द्या. उर्दूत 'बदल दीजिए' म्हटले की अदब राखली जाते. त्याचे शब्दशः मराठी 'बदलून द्या' असे होते. बोलताना ते ठीक आहे, पण अर्जात ही आज्ञा वाटते, कारण हा आज्ञार्थ आहे. उर्दू अर्जात आपण 'बदल दिया जाए' लिहितो. त्याच्या जवळचे मराठी रूप 'बदलण्यात यावा' किंवा 'बदलावा' हे आहे. याला विध्यर्थ म्हणतात. अर्जात विध्यर्थ वापरावा.

दुसरा शब्द 'कारवाई'. उर्दूतील 'कार्रवाई' कोणत्याही कामासाठी चालते. मराठीत मात्र दोन शब्द आहेत. 'कार्यवाही' म्हणजे काम पुढे नेणे आणि 'कारवाई' म्हणजे बहुधा दोषी माणसाविरुद्ध उचललेले पाऊल. 'योग्य ती कार्यवाही व्हावी' ही विनंती आहे. 'आपल्यावर कारवाई होईल' ही धमकी आहे. हे दोन शब्द चुकून बदलले, तर साध्या अर्जातूनही भांडण निघू शकते.

तातडी शब्दातून येत नाही, कारणातून येते, हे कायद्यातही दिसते. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 प्रमाणे मागितलेली माहिती साधारणपणे 30 दिवसांत द्यावी लागते. पण ती एखाद्या व्यक्तीच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित असेल, तर 48 तासांत द्यावी लागते. तिथे नुसते 'तातडीचे' लिहून भागत नाही. जिवाशी संबंध कसा आहे, ते लिहावे लागते.

हाच अर्ज ई-मेलने पाठवायचा असेल, तर एक बदल करावा. फोनच्या पडद्यावर विषयाचे पहिले काही शब्दच दिसतात आणि मराठीत मुख्य काम ओळीच्या शेवटी येते. म्हणून मुदत आधी घ्यावी : '15 जूनपूर्वी : शाळेजवळील कललेला विजेचा खांब बदलण्याबाबत'.

मुदत मात्र खरी असावी. कारण नसताना 'उद्यापर्यंत' लिहिले, तर पुढच्या खऱ्या मुदतीवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा : अर्ज हा काही दिवसांच्या तातडीसाठी असतो. तार तुटून खाली पडली असेल, तर अर्ज लिहीत बसू नये. तिच्यापासून दूर राहावे, इतरांना दूर ठेवावे आणि मोठ्या माणसांकडून महावितरणच्या 1912 या क्रमांकावर लगेच फोन करवावा.

अर्ज लिहून झाला की फक्त विषयाची ओळ शेजारच्या मित्राला वाचून दाखवा. काय, कुठे आणि केव्हापर्यंत, हे त्याने सांगितले तर ओळ बरोबर आहे. मग पहिले वाक्य वाचा. त्यात 'आपण' आणि 'नाही' हे शब्द जोडीने आले असतील, तर ते वाक्य पुन्हा लिहा.

शब्दार्थ

मसुदा – लिखाणाचे पहिले, कच्चे रूप
आवक – कार्यालयात आलेली पत्रे
पोच – अर्ज मिळाल्याची खूण
सवड – मोकळा वेळ, फुरसत
कलणे – एका बाजूला झुकणे
मुदत – ठरवून दिलेला काळ

स्वाध्याय

1. नोंदवहीत 'विनंती अर्ज' हा विषय निरुपयोगी का ठरतो?
2. 'कारवाई' आणि 'कार्यवाही' हे शब्द वापरून एकेक वाक्य लिहा.
3. पुढील मजकूर दुरुस्त करा. 'विषय : पाण्याबाबत. महोदय, आपण टाकी साफ करत नाही. ताबडतोब साफ करा.' (टाकीत गाळ साचला आहे. शाळेत 20 जुलैला वैद्यकीय तपासणी आहे.)