ठेव पत्नीच्या नावे, कर कोणाच्या माथी?

शाखेत ठेवीचा अर्ज भरताना अनेक ग्राहक एक प्रश्न हमखास विचारतात : 'माझे उत्पन्न करपात्र आहे, पत्नीचे नाही. तेव्हा ठेव तिच्या नावे ठेवली तर व्याजावरील कर वाचेल ना?' प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्याचे उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असे आहे. त्यामागे आयकर कायद्यातील 'उत्पन्नाच्या एकत्रीकरणा'ची, म्हणजे व्यवहारात ज्याला आपण 'क्लबिंग' म्हणतो त्याची, तरतूद आहे.

गैरसमजाचे मूळ बक्षीस या शब्दात आहे. पतीने पत्नीला दिलेली रक्कम करमुक्त असते, हे खरे. बक्षीस कर 1 ऑक्टोबर 1998 पासून रद्द झाला आणि पती-पत्नी हे कायद्याच्या दृष्टीने 'नातेवाईक' असल्याने ती रक्कम पत्नीचे उत्पन्नही ठरत नाही. मात्र येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवावयास हव्यात. बक्षिसाची रक्कम करमुक्त आहे. त्या रकमेवर पुढे मिळणारे व्याज मात्र करमुक्त नाही, आणि ते पत्नीच्या नव्हे तर देणाऱ्या पतीच्या उत्पन्नात मिळवले जाते. आयकर अधिनियम, 1961 च्या कलम 64 मध्ये हे सांगितले होते. 1 एप्रिल 2026 पासून आयकर अधिनियम, 2025 लागू झाला. कलमांचे व नमुन्यांचे क्रमांक बदलले, तत्त्व तेच राहिले. पत्नीने पतीला रक्कम दिली तरी नियम हाच.

एक उदाहरण पाहू. इंदूर येथे नोकरीस असलेल्या एका अभियंत्याचे करपात्र उत्पन्न वर्षाला 28 लाख रुपये आहे, असे समजू. पत्नीला स्वतःचे उत्पन्न नाही. त्यांनी 1 एप्रिल 2025 रोजी पत्नीला 10 लाख रुपये दिले व तिने ते द.सा.द.शे. 7 दराने, व्याज दर तिमाहीस खात्यात जमा होईल अशा मुदत ठेवीत ठेवले. वर्षाचे व्याज 70,000 रुपये झाले. पती नव्या करप्रणालीत 30 टक्क्यांच्या टप्प्यात असल्याने उपकरासह 31.2 टक्के दराने या व्याजावर 21,840 रुपये कर पतीला भरावा लागेल. पत्नीच्या हाती हेच व्याज असते तर कर शून्य झाला असता. एकत्रीकरणाची तरतूद नेमक्या याच फरकासाठी आहे.

आता पुढील वर्षाकडे वळू. ठेवीची मुदत संपल्यावर पत्नीने मूळ 10 लाख आणि साठलेले 70,000 रुपये मिळून 10,70,000 रुपये पुन्हा त्याच दराने ठेवले, तर व्याज 74,900 रुपये होईल. यापैकी मूळ बक्षिसावरील 70,000 रुपये पतीच्या उत्पन्नात जातील. मात्र व्याजाच्या 70,000 रुपयांवर मिळालेले 4,900 रुपये हे पत्नीचे स्वतःचे उत्पन्न होय. व्याजावरील व्याजाला एकत्रीकरणाचा नियम लागत नाही. म्हणून अशा व्याजाची ठेव मूळ ठेवीत न मिसळता स्वतंत्र ठेवावी. चक्रवाढ पद्धतीच्या एकाच ठेवीत दोन्ही व्याजे एकत्र वाढतात आणि काही वर्षांनी ती वेगळी काढणे कठीण होऊन बसते.

शाखेच्या दृष्टीने खरी अडचण टीडीएसची आहे. 2025-26 या वर्षापासून, ज्येष्ठ नागरिक वगळता, एका बँकेतील ठेवींचे वार्षिक व्याज 50,000 रुपयांहून अधिक झाल्यास 10 टक्के दराने टीडीएस कापला जातो. वरील उदाहरणात पत्नीच्या पॅनवर 7,000 रुपये कापले जातील. कपात टाळण्यासाठी अशा वेळी पत्नीकडून 15जी नमुना भरून देण्याचा प्रघात होता. पण त्या नमुन्यातील मजकूर फार थोडे ग्राहक वाचत. सदर उत्पन्न अन्य कोणाच्याही एकूण उत्पन्नात समाविष्ट होण्याजोगे नाही, असे स्वाक्षरी करणारी व्यक्ती त्यात स्पष्टपणे जाहीर करत असे. पतीच्या पैशातून ठेवलेल्या ठेवीबाबत असे लिहून देणे म्हणजे खोटे निवेदन करणे होय, आणि ते दंडनीय आहे. 7,000 रुपयांच्या कपातीपायी हा धोका पत्करणारी व्यक्ती बहुधा पत्नीच असते. तिला कित्येकदा त्याची कल्पनाही नसते.

कापलेला टीडीएस परत मिळवण्यासाठी पत्नीने स्वतंत्र विवरणपत्र भरणे हाही योग्य मार्ग नव्हे, कारण ते उत्पन्न तिचे नाहीच. योग्य मार्ग नियमांतच दिलेला आहे. ठेवीदार पत्नीने बँकेला लेखी निवेदन द्यावे. त्यात पतीचे नाव, पत्ता, पॅन, ठेवीचा व व्याजाचा तपशील आणि हे व्याज पतीच्या उत्पन्नात का धरावयाचे त्याचे कारण असावे. मग बँक तो टीडीएस पतीच्या पॅनवर दाखवते व त्याचे श्रेय त्यांना मिळते. आपल्या उदाहरणात पतीला 21,840 मधून 7,000 वजा जाता 14,840 रुपयेच भरावे लागतील. हे निवेदन पहिले व्याज जमा होण्यापूर्वीच दिलेले बरे. वार्षिक माहिती विवरणात व्याज पत्नीच्या नावे दिसत असल्यास, ती माहिती दुसऱ्या पॅनशी संबंधित असल्याचा अभिप्राय तेथे नोंदवता येतो. पतीने आपल्या विवरणपत्रात ही रक्कम आठवणीने दाखवावी.

अज्ञान मुलांच्या बाबतीत नियम अधिक व्यापक आहे. 1992 च्या वित्त अधिनियमाने ही तरतूद आणली. येथे पैसा कोणी दिला हे पाहिले जात नाही. आजोबांनी नातीला दिलेल्या 2 लाखांच्या ठेवीवर 14,000 रुपये व्याज आले, तर ते आईवडिलांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक त्याच्या उत्पन्नात जाते, आजोबांच्या नव्हे. टीडीएस कापला गेला नाही म्हणून ते करमुक्त ठरत नाही. प्रत्येक मुलामागे 1,500 रुपयांपर्यंतची सूट जुन्या प्रणालीतच मिळते, नव्या प्रणालीत नाही. मुलाने स्वतःच्या श्रमातून किंवा कलाकौशल्यातून मिळवलेले उत्पन्न, तसेच कायद्यात नमूद केलेले अपंगत्व असलेल्या मुलाचे उत्पन्न यातून वगळले आहे. वयाची 18 वर्षे पूर्ण झाल्यापासून मुलाचे उत्पन्न त्याचे स्वतःचे. सज्ञान मुलाला दिलेल्या बक्षिसावरील व्याजही मग आईवडिलांच्या उत्पन्नात येत नाही. सुनेला दिलेल्या रकमेवरील व्याज मात्र देणाऱ्या सासू-सासऱ्यांच्या उत्पन्नात धरले जाते.

पत्नीच्या नावावरील प्रत्येक ठेव या नियमात येते, असे मात्र नाही. तिच्या पगारातील, माहेरकडून मिळालेल्या वा वारसाहक्काच्या रकमेची ठेव सर्वस्वी तिची. विवाहापूर्वी दिलेल्या बक्षिसालाही हा नियम लागत नाही. हस्तांतराच्या वेळी पती-पत्नीचे नाते असले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1963 मध्ये स्पष्ट केले आहे. अशा ठेवींत पतीने दिलेली रक्कम मिसळू नये आणि पैसा कोठून आला याची नोंद पासबुकासोबत जपून ठेवावी. विचारणा झालीच, तर ठेव कोणाच्या नावे आहे यापेक्षा ती कोणाच्या पैशातून झाली हेच सिद्ध करावे लागते.