जांगडीवर गेलेला माल ३१ मार्चला कुणाचा?

साड्यांचा घाऊक व्यापारी गावोगावच्या दुकानदारांना माल पाठवतो, तो दर वेळी विकलेलाच असतो असं नाही. ‘पंधरा दिवस ठेवा, पसंत पडतील त्या घ्या, उरलेल्या परत करा,’ अशा बोलीवर गेलेला माल म्हणजे जांगड. कापड, दागिने, हिरे या धंद्यांत हा व्यवहार रोजचाच आहे. वर्षभर तो बिनबोभाट चालतो. पंचाईत होते ती ३१ मार्चला, कारण तेव्हा माल दुसऱ्याच्या दुकानात असतो आणि मालकी मात्र अजून पाठवणाऱ्याचीच असू शकते.

मालकी कधी बदलते, हे १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम २४ मध्ये सांगितलं आहे. घेणाऱ्यानं पसंती कळवली, किंवा माल पुढं विकून तो आपलासा केला, की विक्री झाली. त्यानं काहीच न कळवता ठरलेली मुदत उलटू दिली, तरीही विक्री झाली. मुदत ठरलीच नसेल तर वाजवी काळ धरतात. यांपैकी काहीही घडलेलं नसेल, तर माल पाठवणाऱ्याचाच राहतो.

आता एक हिशेब पाहू. समजा, दादरच्या एका व्यापाऱ्यानं २० मार्चला साताऱ्याच्या दुकानदाराकडं १० साड्या जांगडीवर पाठवल्या. मुदत ४ एप्रिलपर्यंत. प्रत्येक साडीची खरेदी ४,००० रुपयांची, विक्रीची किंमत ५,०००. असा माल क्वचितच जात असल्यानं मुनीमजींनी त्याच दिवशी ५०,००० रुपयांची विक्री लिहून टाकली. ३१ मार्चपर्यंत ४ साड्या पसंत झाल्याचा निरोप आला, १ परत आली आणि ५ साड्यांबद्दल काहीच कळलं नाही.

परत आलेल्या साडीचे ५,००० विक्रीतून वजा होतात आणि ती साडी गोदामातल्या मोजणीत येते. प्रश्न उरतो त्या ५ साड्यांचा. त्यांची मुदत संपलेली नाही, म्हणून त्या विकल्या गेलेल्या नाहीत. त्यासाठी दोन नोंदी लागतात. पहिली म्हणजे विक्री खाते २५,००० नावे आणि दुकानदाराचे खाते २५,००० जमा. म्हणजे विक्रीही कमी झाली आणि येणंही. दुसरी नोंद साठ्याची: या ५ साड्या अखेरच्या साठ्यात ५ गुणिले ४,००० म्हणजे २०,००० रुपयांना धरायच्या. आता विक्री उरली २०,००० ची, विकलेल्या ४ साड्यांची खरेदी १६,०००, नफा ४,०००. साडीमागं १,००० रुपये, हिशेब जुळला.

या दोन नोंदींपैकी एकच केली तर आकडे भलतेच येतात. विक्री कमी केली पण साठा धरला नाही, तर १६,००० रुपयांचा तोटा दिसतो. साठा धरला पण विक्री तशीच ठेवली, तर नफा २९,००० होतो. हे आकडे इतके विचित्र असतात की कुणाच्याही लक्षात येतात. लपून बसते ती तिसरी चूक. साठा खरेदीच्या नव्हे, तर विक्रीच्या किमतीला म्हणजे २५,००० ला धरला, तर विक्रीतून गेले तेवढेच साठ्यातून परत येतात. नफा ९,००० दिसतो, म्हणजे काहीच दुरुस्ती न करता दिसला असता तेवढाच! न विकलेल्या साड्यांचा ५,००० रुपयांचा नफा पुस्तकात तसाच राहतो. दुरुस्ती करूनही नफ्याचा आकडा हलला नाही, तर साठ्याची किंमत आधी तपासावी. बाजारभाव पडून साडी खरेदीपेक्षाही कमी किमतीला जाणार असेल, तर साठ्यात ती कमी किंमतच धरायची.

मुदत २८ मार्चला संपत असती आणि दुकानदार गप्प राहिला असता, तर याच ५ साड्यांची विक्री याच वर्षात पक्की झाली असती. म्हणून ‘निरोप आला नाही’ एवढ्यावर न थांबता प्रत्येक जांगड चिठ्ठीवरची मुदत पाहावी लागते. आपल्या उदाहरणात पसंतीचा निरोप २ एप्रिलला आला, तर ती विक्री नव्या वर्षाच्या पुस्तकात जाईल.

असा माल सतत पाठवणारे व्यापारी वेगळी जांगड वही ठेवतात आणि पसंती आल्यावरच विक्री लिहितात. त्यांना विक्री उलटवावी लागत नाही, पण बाहेर असलेला माल साठ्यात धरायचा विसर त्यांनाही पडतो, कारण मोजणी गोदामातल्याच मालाची होते. जीएसटीतही माल चलनावर जातो. बिल विक्री होताच किंवा माल पाठवल्यापासून सहा महिन्यांत, यांतलं जे आधी येईल तेव्हा करावं लागतं.

दुकानदारानंही हा माल स्वतःच्या साठ्यात मोजू नये, नाहीतर त्याच साड्या दोन ताळेबंदांत दिसतील. तेव्हा मार्चच्या शेवटच्या दिवशी दोघांनी एक काम करावं: किती नग पसंत, किती परत, किती बाकी आणि मुदत कधीपर्यंत, हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. मग दोघांची पुस्तकं त्या एकाच कागदाशी पडताळता येतात.