शिट्टीच्या मागावर

सकाळी ९:३० : शटर वर करतो तर एक हॅचबॅक दारातच उभी. "रेस वाढवली की सेटमधून शिट्टी येते, सोडली की उतरते," मालक म्हणाले. इंजिनाबरोबर सूर चढतो-उतरतो, म्हणजे पहिला संशय अल्टरनेटरवर.

१०:०० : इंजिन चालू ठेवून सेटचा आवाज शून्यावर आणला, एरियलची पिनही काढली. शिट्टी तेवढीच. डिकीतल्या ॲम्प्लिफायरच्या आरसीए वायरी काढल्यावर मात्र ती थांबली. सेट आणि ॲम्प्लिफायर यांच्यामधूनच ती आत शिरत होती.

११:०० : हेडलाइट लावून, थोडी रेस देऊन बॅटरीवर मीटर धरला. डीसी १४.२ व्होल्ट. इथेच बरेच जण फसतात, चार्जिंग ठीक म्हणून सोडून देतात. मीटर एसीवर घेतला तर ०.६ व्होल्ट. निरोगी गाडीत तो साधारण ०.१ च्या आत असतो. इंजिन बंद केल्यावर शून्य आलं, त्यामुळे मीटर खोटं बोलत नव्हता. काही स्वस्त मीटर एसीवरही डीसी दाखवतात.

१२:०० : बॅटरीची निगेटिव्ह काढून अल्टरनेटर उतरवला. आत तीन फेजचा एसी तयार होतो आणि सहा डायोड त्याचा डीसी करतात. एक गेला की प्रवाहात ठरावीक अंतराने खड्डा पडतो. डायोड एका बाजूने प्रवाह सोडतो, उलट बाजूने अडवतो. इथे एक दोन्ही बाजूंनी अडवत होता. डायोड प्लेटच बदलली.

३:०० : एसी ०.०५ व्होल्टवर आला. शिट्टी बारीक झाली, पण गेली नाही. चांगल्या अल्टरनेटरमध्येही थोडी लहर उरतेच. ती गाण्यात शिरायला वाट कोण देतं, ते शोधायचं होतं.

४:०० : गाणं मोठं लावून ॲम्प्लिफायरचं अर्थ टर्मिनल आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यात डीसी मोजलं: ०.४ व्होल्ट. अर्थचा बोल्ट रंगावरच आवळलेला होता. दोन्हीकडची अर्थ समान नसली की तो फरक आरसीएच्या जाळीतून वाहतो आणि ॲम्प्लिफायर त्यालाही गाण्यासारखाच वाढवतो. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला. फरक ०.०५ वर आला.

५:०० : कान लावला तर अजून किंचित गुणगुण. कार्पेट उचललं. ॲम्प्लिफायरची जाड पॉवर केबल आणि आरसीए वायरी उजव्या बाजूने एकत्र टेपने बांधलेल्या. आरसीए डाव्या बाजूने नेली. जिथे ओलांडावी लागली तिथे काटकोनात ओलांडली. शांत!

६:०० : निघताना मालकांनी विचारलं, "नॉइज फिल्टर लावला असता तर?" शिट्टी कदाचित दबली असती, पण गेलेला डायोड तसाच राहिला असता, बाकीच्यांवर भार पडत राहिला असता आणि एक दिवस बॅटरी उतरली असती. आधी एसी मोजा, मग अर्थ, मग वायरींची वाट. फिल्टर सगळ्यात शेवटी.