मुखवट्याआडची माणसे – लेखांक ४
उष्ट्यावर जगणारे दोन कोल्हे

गेल्या आठवड्यात आपण इसापचा लांडगा आणि कोकरू पाहिले. तिथे बलवान कोण आणि दुबळा कोण, हे पहिल्या वाक्यातच कळते. आजची गोष्ट दरबारातली आहे, त्यामुळे ती इतकी सरळ नाही. पंचतंत्राचे पहिले तंत्र म्हणजे ‘मित्रभेद’. त्यात सिंह पिंगलक, बैल संजीवक आणि करटक व दमनक हे दोन कोल्हे आहेत.

लहानपणी आपण ‘लबाड कोल्हा’ एवढेच लक्षात ठेवतो. मूळ गोष्ट मात्र कोल्ह्यांची ओळख स्वभावाने करून देत नाही, हुद्द्याने करून देते. हे दोघे मंत्र्याचे मुलगे आणि ‘भ्रष्टाधिकार’ आहेत. इथे भ्रष्ट म्हणजे लाचखाऊ नव्हे. भ्रष्ट म्हणजे घसरलेला, अधिकार गेलेला. घराणे दरबारी, पण हातात पद नाही. सिंहाच्या मागेमागे फिरायचे आणि त्याने खाऊन उरलेले खायचे, एवढेच त्यांच्या वाट्याला आले आहे. प्राण्याचे कातडे काढून ठेवले, तर उरते ते जुन्या कारभारी घराण्यातले एक बेकार पोर.

त्याला संधी मिळते ती राजाच्या भीतीमुळे. वर्धमानक नावाच्या व्यापाऱ्याचा बैल प्रवासात जायबंदी होऊन यमुनेकाठच्या रानात मागे राहतो आणि तिथले गवत खाऊन धष्टपुष्ट होतो. पाणी प्यायला निघालेला पिंगलक त्याची डरकाळी ऐकतो आणि पाणी न पिताच वडाखाली जाऊन बसतो. राजा घाबरला आहे, हे ओळखतो एकटा दमनक. करटक त्याला बजावतो, की नसत्या कामात हात घालू नकोस. दमनक ऐकत नाही. तो बैलाला अभय देऊन घेऊन येतो आणि दरबारात पुन्हा पाय रोवतो.

पण पुढे घडते ते त्याच्या हिशेबाबाहेरचे. सिंह आणि बैल यांची गट्टी जमते. सिंह गप्पांत रमतो आणि शिकार थांबते. शिकार थांबली की उष्टे संपते आणि आश्रित उपाशी पडतात. गोष्टीची किल्ली इथे आहे. दमनकाला बैलाचा द्वेष वाटतो असे गोष्ट म्हणत नाही. बाहेरून आलेला, गवत खाणारा, राजाकडून एकही घास न घेणारा सल्लागार दरबारात बसला, की ज्यांचे पोट राजाच्या शिकारीवर चालते त्यांची चूल विझते. कारस्थानाचे कारण पोटात आहे, आणि ते सांगायला शाकाहारी व मांसाहारी प्राण्यांची जोडी जितकी चपखल आहे तितकी दोन माणसांची झाली नसती.

दमनकाची युक्तीही जवळून पाहण्याजोगी आहे. तो दोघांना वेगवेगळे गाठतो. सिंहाला सांगतो, बैल तुझ्यावर उठला आहे. तो बिचकत, शिंगे रोखून आला तर खरे समज. बैलाला सांगतो, सिंह तुला खाणार आहे. त्याची मुद्रा बदललेली दिसली तर सावध हो. खुणांचे तपशील पाठापाठांत बदलतात, पण डाव तोच राहतो. भ्यालेला बैल बिचकतच येणार, आणि त्याला तसे पाहून सिंहाची मुद्रा बदलणारच. चुगलीतूनच तिचा पुरावा तयार होतो. बैल मारला जातो. सिंह हळहळतो, दमनक त्याची समजूत घालतो, आणि गोष्ट दमनकाला शिक्षा न होताच संपते.

हा शेवट सगळ्यांना पचला नाही. सहाव्या शतकात पंचतंत्र पहलवी भाषेत गेले आणि आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ते ‘कलीला व दिम्ना’ या नावाने अरबीत आणले. करटकाचा कलीला झाला आणि दमनकाचा दिम्ना. मुकफ्फा स्वतः सरकारी चिटणीस, म्हणजे दमनकाच्या जगातलाच माणूस. त्याच्या पुस्तकात संस्कृतात नसलेले एक प्रकरण आहे, दिम्नाच्या खटल्याचे. ते त्यानेच घातले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. बिबट्या कोल्ह्यांचे बोलणे चोरून ऐकतो आणि ते सिंहाच्या आईच्या कानावर घालतो. दिम्ना भर दरबारात तोंडाने सगळ्यांना हरवतो. शेवटी तुरुंगातला एक प्राणी दुसरा साक्षीदार म्हणून उभा राहतो, तेव्हाच त्याला मृत्युदंड होतो. पुढे खलिफा मन्सूरच्या राजवटीत मुकफ्फा स्वतःच मारला गेला.

अरबी लेखकाने कोल्ह्याला पिंजऱ्यात उभे केले. पण बैलाला समोर बसवून ‘हे खरे आहे का?’ एवढे सिंहाने एकदाही विचारले नव्हते, आणि त्याबद्दल दोन्ही पुस्तकांत त्याच्यावर खटला चालत नाही. राजासमोर सांगायच्या गोष्टीत सिंहाला हळहळण्यापलीकडे शिक्षा देता येत नव्हती. मुखवट्यालाही तेवढीच मुभा होती.

(पुढील आठवड्यात : कावळे आणि घुबडे, शत्रूच्या गोटात शिरलेला म्हातारा मंत्री)