ट्रेंडिंगच्या यादीत कोणता व्हिडिओ बसतो?

यूट्यूबवर 2015 ते जुलै 2025 या काळात ‘ट्रेंडिंग’ नावाचं एक पान होतं. यूट्यूबची बाकीची पानं ज्याच्या त्याच्या आवडीनुसार मांडलेली असतात. क्रिकेट पाहणाऱ्याला क्रिकेट दिसतं, पाककृती पाहणाऱ्याला पाककृती. ट्रेंडिंगचं पान मात्र सार्वजनिक होतं. एका देशातल्या सगळ्यांना एकच यादी दिसे आणि साधारण दर पंधरा मिनिटांनी ती नव्याने लावली जाई. याला अपवाद भारताचा. इथे सगळ्या देशाला मिळून एक यादी नव्हती, नऊ प्रमुख भारतीय भाषांसाठी स्वतंत्र याद्या होत्या. हे सोयीचंच होतं, नाहीतर हिंदी गाणी आणि चित्रपटांच्या टीझरांच्या रेट्यात इतर भाषांमधल्या व्हिडिओंना वर यायला वावच उरला नसता.

या यादीबद्दलचा सर्वांत जुना गैरसमज म्हणजे ज्याला जास्त व्ह्यूज, तो वर. एखाद्या चॅनलचा व्हिडिओ वीस लाख लोकांनी पाहिलेला असे आणि यादीत त्याचा पत्ता नसे. दोन-तीन लाखांचा कुणाचा तरी व्हिडिओ मात्र ऐटीत बसलेला असे. यात वशिलेबाजी असावी, असा संशय अनेक व्हिडिओकर्त्यांना येई. यूट्यूबने आपल्या मदतपानावर स्पष्टच लिहिलं होतं की त्या दिवशी सर्वाधिक पाहिला गेलेला व्हिडिओ पहिल्या क्रमांकावर असेलच असं नाही. यादी लोकप्रियता मोजत नव्हती. आत्ता, या प्रदेशात, अपेक्षेपेक्षा जास्त काय पाहिलं जातंय, हे ती शोधत होती.

ही निवड दोन टप्प्यांत समजून घेतली की सोपी होते. पहिला टप्पा पात्रतेचा, दुसरा क्रमाचा.

पात्रतेच्या टप्प्यावर बरेच व्हिडिओ गळत. व्हिडिओ सर्वांसाठी खुला असला पाहिजे, ही उघड अट. शिवीगाळ, प्रौढ मजकूर किंवा हिंसा जास्त असलेले, दुसऱ्याची नालस्ती करणारे व्हिडिओ गाळण्यासाठी चाळण्या होत्या. त्यांतले कित्येक यूट्यूबच्या सर्वसाधारण नियमांत बसणारे असत. चॅनलवर ते राहत, शोधल्यावर सापडत, पण ट्रेंडिंगमध्ये येत नसत. शिक्षा न होताही अपात्र ठरता येई, हा मुद्दा अनेकांच्या लक्षात येत नसे. शिवाय व्हिडिओ मोठ्या प्रेक्षकवर्गाला रुचेल असा हवा, आणि शीर्षक एक, आत भलतंच, अशी दिशाभूल नको, अशा अपेक्षा होत्या. मात्र ‘दिशाभूल’ ही यंत्राने ओळखायची गोष्ट सोपी नाही. तिथे काय घोटाळा होतो, ते पुढे येईलच.

पैसे देऊन या यादीत जागा मिळत नसे. जाहिरात म्हणून दाखवल्यामुळे मिळालेले व्ह्यूजही निवडीत धरले जात नसत.

चाळणीतून उतरलेल्या व्हिडिओंचा क्रम लावताना यूट्यूब ज्या गोष्टी पाही, त्यांतल्या मुख्य गोष्टी जाहीर होत्या: एकूण व्ह्यूज, ते वाढण्याचा वेग, ते कुठून येताहेत, व्हिडिओ किती जुना आहे आणि त्याच चॅनलच्या अलीकडच्या इतर व्हिडिओंच्या तुलनेत तो कसा चाललाय. वेगासाठी यूट्यूबने ‘तापमान’ हा शब्द वापरला होता, आणि तो नेमका आहे. ताप किती आहे, याइतकंच तो चढतोय की उतरतोय हेही महत्त्वाचं असतं. यांपैकी कशाला किती वजन, हे मात्र यूट्यूबने कधी उघड केलं नाही. केलं असतं तर दुसऱ्याच दिवशी त्या सूत्राला फसवणारी दुकानं उघडली असती.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका बड्या विनोदी चॅनलचा नवा व्हिडिओ चोवीस तासांत 22 लाख लोकांनी पाहिला. त्यांतले 14 लाख व्ह्यूज पहिल्या सहा तासांत आले, कारण सबस्क्रायबरांना सूचना गेली होती. नंतर ओघ आटत गेला आणि आता तासाला तीसेक हजार येताहेत. या चॅनलच्या व्हिडिओला पहिल्या दिवशी एरवीही 20 लाख मिळतातच. दुसरीकडे सोलापूरच्या एका छोट्या चॅनलवर एसटीच्या निवृत्त चालकाची मुलाखत आली. या चॅनलच्या व्हिडिओंना एरवी आठ हजारांवर जाता येत नाही. या मुलाखतीला दहा तासांत तीन लाख मिळाले, त्यांतले एक लाख शेवटच्या दोन तासांत. एकूण आकडा पाहिला तर बडा चॅनल सातपट पुढे. पण आत्ताचा वेग पाहिला तर मुलाखत तासाला पन्नास हजारांनी धावतेय, म्हणजे तीच पुढे. स्वतःच्या नेहमीच्या मापाने मोजलं तर बड्या चॅनलचा व्हिडिओ जेमतेम दहा टक्के वर आहे आणि मुलाखत सदतीस पटींहून जास्त. भरीला तिचे बरेचसे प्रेक्षक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या लिंकवरून आलेले. अशा वेळी मुलाखत यादीत वर आणि बावीस लाखवाला खाली किंवा यादीबाहेर, हे या निकषांशी सुसंगतच आहे.

प्रेक्षक कुठून आले याला महत्त्व का, हे इथे कळतं. यूट्यूबच्या मुखपृष्ठावर व्हिडिओ पुढे केला की लोक तो पाहणारच. त्यात यूट्यूबच्याच शिफारशीचा प्रतिध्वनी असतो. बाहेरच्या लिंकवरून आलेला माणूस कुणीतरी सांगितल्यामुळे आलेला असतो. व्हिडिओची चर्चा खरोखर चाललीय, याचा तो जास्त भरवशाचा पुरावा.

वयाच्या निकषामुळे जुन्या बलाढ्य व्हिडिओंची अडचण होई. ‘बेबी शार्क डान्स’ हा 2016 सालचा व्हिडिओ 2020 मध्ये यूट्यूबवरचा सर्वाधिक पाहिला गेलेला व्हिडिओ ठरला. पण रोज तितकाच पाहिला जाणारा व्हिडिओ ही बातमी नसते.

हे सगळं व्हिडिओकर्त्याला स्वतःच्या चॅनलपुरतं आजही तपासता येतं. यूट्यूब स्टुडिओच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये गेल्या 48 तासांचा तासागणिक आलेख असतो. तिथे पारा चढतोय की उतरतोय ते दिसतं. नवा व्हिडिओ शेवटच्या दहा व्हिडिओंत कितव्या क्रमांकावर आहे, हेही स्टुडिओ सांगतो. दहापैकी पहिला म्हणजे व्हिडिओ स्वतःच्या चॅनलच्या मापाने उत्तम चाललाय. प्रेक्षकांच्या स्रोतांत ‘एक्स्टर्नल’ म्हणजे बाहेरून आलेले आणि ‘यूट्यूब अ‍ॅडव्हर्टायझिंग’ म्हणजे जाहिरातीतून आलेले. आकडा फुगलेला आणि त्यातला मोठा वाटा जाहिरातीचा असेल, तर तो आकडा ट्रेंडिंगच्या हिशेबात बिनकामाचा होता.

जाहिरातीच्या व्ह्यूजचं प्रकरण सर्वांत गाजलं ते भारतातच, आणि ते ट्रेंडिंगच्या यादीपेक्षा संगीताच्या विक्रमांबाबत होतं. जुलै 2019 मध्ये बादशाहचं ‘पागल’ हे गाणं आलं आणि पहिल्या चोवीस तासांत त्याला साडेसात कोटी व्ह्यूज मिळाल्याचं सांगण्यात आलं. तो आकडा बीटीएस या कोरियन गटाने त्याच वर्षी केलेल्या विक्रमाच्या वर जात होता. एरवी अशा विक्रमांचा गाजावाजा करणाऱ्या यूट्यूबने यावेळी मौन पाळलं. गाण्यासाठी जाहिरातींचा मोठा वापर झाला होता. गाणंच जाहिरात म्हणून दुसऱ्या व्हिडिओच्या आधी दाखवता येतं, आणि प्रेक्षकाने ते तीस सेकंद चालू दिलं की व्ह्यूमध्ये एकाची भर पडते. तेव्हाच्या नियमांत यात बेकायदा काही नव्हतं. इतर संगीत कंपन्याही हेच करत होत्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये यूट्यूबने नियम बदलला. संगीताच्या चार्टसाठी आणि चोवीस तासांच्या विक्रमांसाठी जाहिरातीतून आलेले व्ह्यूज धरणं बंद झालं. व्हिडिओखालचा जाहीर आकडा मात्र दोन्ही प्रकारचे व्ह्यूज मिळूनच राहिला, म्हणून चार्टवरचा आकडा आणि व्हिडिओखालचा आकडा जुळत नाही तेव्हा गोंधळून जायचं कारण नाही.

व्ह्यूजची फसवणूक आकड्यांत पकडता तरी येते. मजकुरातली फसवणूक पकडणं फार अवघड, आणि फेब्रुवारी 2018 मध्ये ते चव्हाट्यावर आलं. अमेरिकेत फ्लोरिडातल्या पार्कलंड इथल्या शाळेत गोळीबार होऊन 17 जणांचा जीव गेला. त्यातून वाचलेला डेव्हिड हॉग हा विद्यार्थी बंदुकांवरच्या निर्बंधांची मागणी करत वृत्तवाहिन्यांवर दिसू लागला. तो विद्यार्थी नसून पैसे देऊन आणलेला नट आहे, असा धादांत खोटा आरोप करणारा एक व्हिडिओ यूट्यूबच्या ट्रेंडिंगमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचला. बोभाटा झाल्यावर यूट्यूबने तो छळविरोधी नियमाखाली काढून टाकला आणि जे स्पष्टीकरण दिलं ते या यंत्रणेचं आतलं काम दाखवणारं आहे: त्या व्हिडिओत एका विश्वासार्ह वृत्तवाहिनीचं चित्रण वापरलेलं होतं, त्यामुळे यंत्रणेने त्याचं चुकीचं वर्गीकरण केलं. व्हिडिओतली क्लिप खरी होती, पण तिच्याभोवती रचलेला दावा खोटा होता, आणि चाळणीला तो फरक कळला नाही. पारा झपाट्याने चढणं, ताजा विषय, सगळीकडे चर्चा, हे निकष त्या व्हिडिओने चोख पूर्ण केले असणार. अफवा ही स्वभावतःच ट्रेंडिंगच्या मापाला फिट बसणारी गोष्ट आहे.

यादीत आल्यावर आणखी एक चक्र सुरू होई. यादीत दिसल्यामुळे लोक व्हिडिओ पाहत, त्यामुळे तो यादीत टिके. पंधरा मिनिटांनी नवी मांडणी होत असल्यामुळे हे चक्र तुटतही असे, आणि सकाळी तिसरा असलेला व्हिडिओ दुपारी अठरावा असे.

जुलै 2025 मध्ये यूट्यूबने हे पान बंद केलं. पाच वर्षांत त्याकडे फिरकणाऱ्यांची संख्या खूपच घटली होती. सगळे एकाच व्हिडिओबद्दल बोलताहेत, असं चित्र आता क्वचित असतं. छोटे छोटे चाहतावर्ग, त्यांचे आपापले ट्रेंड, असा मामला झालाय, असं यूट्यूबचं म्हणणं. एकच यादी सर्वांना दाखवायची तर ती कुणालाच आपली वाटत नाही, हे त्यामागचं व्यवहारी कारण.

त्याजागी यूट्यूब चार्ट्समध्ये विषयवार याद्या पुढे आल्या: ट्रेंडिंग गाण्यांची, चित्रपटांच्या ट्रेलरांची आणि सुरुवातीला अमेरिकेपुरती असलेली पॉडकास्टची आठवड्याची यादी. पात्रतेचा अर्थही त्यामुळे बदलला. पॉडकास्टच्या यादीत क्रम व्ह्यूजवर न ठरता लोकांनी किती वेळ पाहिलं यावर ठरतो, आणि छोट्या क्लिपा व शॉर्ट्स त्यात धरल्या जात नाहीत. ट्रेलर दोन मिनिटांचा आणि पॉडकास्ट दोन तासांचा असताना एकच माप दोघांना लावणं अन्यायाचंच होतं, तेव्हा हा बदल रास्त म्हणावा लागेल. किंमत मोजावी लागतेय ती मधल्यांना. गाणं, ट्रेलर किंवा पॉडकास्ट यांपैकी काहीच नसलेला व्हिडिओ, म्हणजे एखाद्या शेतकऱ्याने केलेलं अवजार, गावच्या जत्रेचं चित्रण किंवा वऱ्हाडी बोलीतला विनोद, कितीही वेगाने पसरला तरी या याद्यांत त्याच्यासाठी रकानाच नाही. असा व्हिडिओ आता फक्त ज्याच्या त्याच्या मुखपृष्ठावर वर येतो आणि तो कुणाकुणाला दिसला हे बाहेरून पाहता येत नाही.